"हाहा" किती लांब ते नंतर, आधी ते कुठे आलंय ते बघा

प्रश्न: ऑफिसातल्या एका सहकारी मुलीशी माझं रोज मेसेजवर बोलणं होतं. मी काही लिहिलं की तिचं कधी "हाहा" येतं, कधी "हाहाहा", कधी नुसतं "लोल". परवा सिनेमाला येतेस का विचारलं, तर "हाहा बघू" आलं. तिला खरंच हसू येतं की ती मला सांभाळून घेते आहे? हाहा किती लांब असलं म्हणजे खरं समजायचं? परवाचे मेसेज वेळेसकट सोबत देतो आहे.

उत्तर:

लांबीचं आधी उरकते, कारण ते सगळेच विचारतात. लांबीवरून थोडंफार कळतं, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. फेसबुकने 2015 मध्ये आपल्याकडच्या पोस्ट आणि प्रतिक्रियांमधलं हसू मोजून पाहिलं होतं. त्यात निम्म्याहून थोडा जास्त वाटा हाहाच्या घराण्याचा निघाला, साधारण एक तृतीयांश इमोजींचा, आणि लोल जेमतेम दोन टक्के. हाहाच्या घराण्यात सर्वांत जास्त सापडलं ते दोन "हा"चं, आणि तीन "हा"चंही भरपूर. म्हणजे ज्या "हाहाहा"ने तुमचा जीव भांड्यात पडतो, ते बहुतेकांचं रोजच्या वापरातलं, हाताला सवयीने येणारं हसू आहे. त्यात आता कळफलकच आपण होऊन "हाहाहा" पुढे करतो आणि एका स्पर्शात ते लागतं. ज्याला काही कष्टच पडत नाहीत त्याच्या लांबीवरून मनातलं काय मोजणार?

लोकांनी आपण होऊन अभ्यासासाठी दिलेले मेसेज ओळीओळीने वाचणं हे माझं गेल्या बारा वर्षांचं काम. त्यात मी शिकले ते इतकंच की हसू किती आहे हे बघण्याआधी ते कुठे आहे ते बघायचं. कशाच्या उत्तरात आलं, स्वतःच्या वाक्याला चिकटून आलं की समोरच्याच्या वाक्यावर आलं, आणि त्याच्यानंतर काय आलं.

आपल्या भाषेत हसण्याला शब्द किती आहेत बघा. खुदकन, फिस्सकन, खो खो, कसनुसं, ओशाळं. प्रत्यक्ष समोर असलो की कान हा फरक क्षणात करतो. मेसेजमध्ये मात्र कसनुसं हसणारा आणि पोट धरून हसणारा दोघंही "हाहा"च लिहितात. आवाज गेला, चेहरा गेला, उरली फक्त जागा. म्हणून जागेवर एवढा भर देते आहे.

दुसरं म्हणजे, "विनोदावर आलं ते खरं आणि विनोद नसताना आलं ते खोटं" ही वाटणी समोरासमोरच्या बोलण्यातही टिकत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी सार्वजनिक ठिकाणी गप्पा मारणाऱ्या लोकांची बाराशे हसणी टिपून ठेवली होती. त्यांपैकी ज्या वाक्यावर हसू आलं ते वाक्य गमतीचं म्हणता येईल अशी उदाहरणं दहा ते वीस टक्क्यांच्या पलीकडे गेली नाहीत. बाकीची वाक्यं "तुम्हालाही भेटून बरं वाटलं", "तुमचा मुद्दा कळला मला" असल्या चालीची होती. वर ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा स्वतःच जास्त हसत होता, आणि हसू वाक्याच्या मध्ये क्वचित, वाक्य संपल्यावर हमखास येत होतं. म्हणजे प्रत्यक्षातही हसू बऱ्याच वेळा विरामचिन्हासारखं काम करतं. मेसेजमधलं "हाहा" नेमकं तिथेच, पूर्णविरामाच्या जागी बसतं, यात नवल नाही. तेव्हा "खरं की खोटं" असं विचारण्यापेक्षा "या ठिकाणी ते कोणतं काम करतंय" असं विचारा. सांभाळून घेणारं हसू खोटं नसतं. त्याचं काम वेगळं असतं, इतकंच.

आता तुमचे मेसेज. पहिला तुकडा असा:

> तुम्ही, 6:12 आज साहेब "शेवटचा मुद्दा" पाच वेळा म्हणाले
> ती, 6:12 हाहाहाहा मी मोजत होते!! सहा
> तुम्ही, 6:13 सहावा माझ्या डुलकीत गेला असेल
> ती, 6:13 हाहाहा
> ती, 6:14 आणि त्यानंतर म्हणे "थोडक्यात सांगतो"
> तुम्ही, 6:14 तेव्हा मी देह ठेवला होता
> ती, 6:16 लोल

पहिल्या हसण्याबद्दल मला शंका नाही, आणि त्याचं कारण चार "हा" हे नव्हे. कारण हे की हसून ती थांबली नाही. तुमच्या गमतीला तिने स्वतःची भर घातली, तुमचा आकडा दुरुस्त केला. "मी मोजत होते" याचा अर्थ ती त्या मीटिंगमध्ये तुमच्यासारखीच बसली होती. ज्याला हसू येतं त्याला खेळ पुढे न्यावासा वाटतो. तो त्याच विनोदावर दुसरा चढवतो, किंवा तुमचा एखादा शब्द उचलून परत फेकतो. नुसतं वेळ मारून नेणारा माणूस हसतो आणि चेंडू तुमच्याच अंगणात ठेवून देतो. पुढच्या "हाहाहा"चंही तेच. एकटं बघितलं तर ते काहीच सांगत नाही, पण मिनिटभरात तिने आपण होऊन "थोडक्यात सांगतो" आणून दिलं. विनोद तिच्या बाजूनेही चालला होता.

"लोल"पाशी तो संपला. त्याआधी दोन मिनिटं गेली आणि त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही. तुम्ही हे नाराजी म्हणून वाचलं असेल तर तसं नाही. गंमत आपोआप विझत आली की कोणीतरी शेवटची फुंकर घालतंच. एकटं, मागेपुढे काहीही नसलेलं "लोल" बहुतेक वेळा "वाचलं, आवडलं, आता पुरे" असं सांगतं.

लोलबद्दल जाता जाता सांगते, कारण त्याचा प्रवास मजेशीर आहे. 1989 च्या मे महिन्यात संगणकी निरोपांच्या एका वार्तापत्रात छापलेल्या संक्षेपांच्या यादीत तो दिसतो, आणि तिथे त्याचा अर्थ खरोखरच "मोठ्याने हसतोय" असा आहे. 2011 मध्ये तो ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात गेला. पण तोवर त्यातलं हसू बरंचसं ओसरलं होतं. टोरांटोतल्या किशोरवयीन मुलांच्या चॅटचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात संशोधकांचं म्हणणं असं होतं की मुलं लोल वापरतात ते आपण फोनवर "हं, हं" म्हणतो तसं, मी ऐकतोय एवढं कळवायला. आज तो दोन जागी सापडतो. एकटा आला तर "हं". स्वतःच्या वाक्याच्या शेपटीला आला तर "हे फार मनावर घेऊ नकोस". "मला पण काहीच कळलं नाही लोल" या वाक्यात कोणी हसत नसतं. आपल्या अज्ञानाची कबुली थोडी हलकी करून दिलेली असते.

तुमचा खरा प्रश्न दुसऱ्या तुकड्यात आहे.

> तुम्ही, 6:17 तुझ्याशी बोललं की दिवस बरा जातो
> ती, 6:29 हाहा
> तुम्ही, 6:30 शनिवारी सिनेमाला येतेस का?
> ती, 7:14 हाहा बघू, या आठवड्यात जरा गडबड आहे
> तुम्ही, 7:14 बरं मग पुढच्या शनिवारी? हाहा
> ती, 7:31 हो बघूया हाहा

पहिल्या ओळीत विनोद नाही. तुम्ही मनातलं बोललात, आणि त्यावर हसू आलं. इथे थांबून बघायला हवं, पण लगेच निकालही लावायला नको. कौतुकाला उत्तर देणं मुळातच अवघड असतं. "हो ना" म्हटलं तर आढ्यता, "छे, काहीतरीच" म्हटलं तर समोरच्याला खोटं पाडल्यासारखं. संभाषणाच्या अभ्यासक अनिता पोमेरँट्झ यांनी ही कोंडी 1978 मध्येच नीट मांडून दाखवली होती. हसणं हा त्या कोंडीतून निसटायचा सोपा मार्ग. ज्यांना कौतुक मनापासून आवडलंय पण लाज वाटतेय तेही इथे हसतात, आणि ज्यांना अवघडल्यासारखं झालंय तेही. म्हणून या एकट्या "हाहा"वरून मी काहीच ठरवणार नाही. फक्त टिपून ठेवेन की चार "हा"ची दोन झाली, एक-दोन मिनिटांत येणारं उत्तर बारा मिनिटांनी आलं, आणि हसल्यानंतर तिने काही जोडलं नाही. तुमच्या वाक्याला तिने परतीचं वाक्य दिलं नाही, दारात उभं राहून मान हलवली.

मग 7:14 चं उत्तर. संभाषणाच्या अभ्यासात हे फार जुनं, भरपूर तपासलेलं निरीक्षण आहे की होकार आणि नकार यांची चालच वेगळी असते. होकार चटकन येतो आणि छोटा असतो. "चालेल, किती वाजता?" नकार उशिरा येतो, सुरुवातीला काहीतरी मऊ घालून येतो, सरळ "नाही" न म्हणता गोल फिरतो, आणि सोबत कारण घेऊन येतो. आता तिचं वाक्य या चालीशी लावून बघा. चव्वेचाळीस मिनिटं उशीर. सुरुवातीला "हाहा". मग "बघू", जो आपल्याकडे नकाराचा सर्वांत सभ्य शब्द आहे. मग कारण, "गडबड आहे". आणि त्या कारणालाही "जरा" लावलेलं. पाचही खुणा एकाच ओळीत आहेत. यातली कोणतीही एक असती तर मी म्हटलं असतं की थांबा, ती प्रवासात असेल. पाच एकत्र आल्या की प्रवासाने त्यांचा खुलासा होत नाही.

इथलं हसू ओळीच्या सुरुवातीला आहे, हेही बघून ठेवा. गंमत आवडल्यावर येणारं हसूही सुरुवातीलाच येतं, त्यामुळे डोळा फसतो. फरक असा की तिथे हसण्याच्या आधी विनोद असतो, इथे आधी प्रश्न आहे. "शनिवारी सिनेमाला येतेस का" यात हसण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तरी ती आधी हसली, कारण पुढे जे सांगायचं होतं ते तुम्हाला टोचू नये. आपण प्रत्यक्षात एखादी गोष्ट हसण्यावारी नेतो, म्हणजे हसण्याच्या आडून ती बाजूला सारतो, तसंच हे. तिला तुमचा राग आला असेल असं यातून निघत नाही. उलट राग आला असता तर हसू गळालं असतं. "या आठवड्यात जमणार नाही" एवढंच कोरडं वाक्य आलं असतं.

आता तुमच्याच ओळीकडे या. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळ्यात बोलकं हसू तिथे आहे. "बरं मग पुढच्या शनिवारी? हाहा." हे का लिहिलंत? तुम्हाला हसू आलं नव्हतं. छातीत धडधडत होतं आणि नकार आला तर "अगं, मी गंमत करत होतो" म्हणायची सोय हवी होती. म्हणजे नेमकं तुम्ही तिच्याबाबतीत ज्याची शंका घेताय ते तुम्ही स्वतः केलंत, आणि त्यात खोटेपणा काहीच नव्हता. लोक मला मेसेज दाखवतात तेव्हा दर वेळी समोरच्याचं हसू तपासायला सांगतात. स्वतःचं हसू मात्र त्यांना दिसतच नाही. एक प्रयोग करून बघा. आपले गेल्या महिन्यातले मेसेज उघडा आणि आपण लिहिलेलं प्रत्येक "हाहा" मनातल्या मनात खोडून वाक्य पुन्हा वाचा. खोडल्यावर जी वाक्यं एकदम उघडी, मागणारी किंवा भित्री वाटतील, तिथलं हसू अंगावर पांघरलेलं होतं. जी वाक्यं तशीच राहतील, तिथे बहुधा खरंच मजा आली होती. हीच कसोटी तिच्या वाक्यांना लावा. "मी मोजत होते!! सहा" यातून हाहा काढलं तरी वाक्य हसतंच. "बघू, या आठवड्यात जरा गडबड आहे" यातून काढलं की ते पडून जातं.

तुमच्या त्या शेपटीच्या हसण्याने अजून एक केलं. बोलणाऱ्याने आपलं वाक्य हसत संपवलं तर ऐकणाऱ्याला ते हसायचं आमंत्रण असतं, हे संभाषणाच्याच अभ्यासक गेल जेफरसन यांनी 1979 मध्ये ध्वनिफितींवरून दाखवलं होतं. तुम्ही हसत संपवलंत, तिनेही "हो बघूया हाहा" असं हसत संपवलं. म्हणून तिच्या शेवटच्या हसण्यातून तिच्या मनाबद्दल वेगळं काही काढू नका. ते तुमच्याच हसण्याचा पडसाद आहे. त्या ओळीत वाचण्यासारखं "हो" नाही आणि "हाहा"ही नाही. वाचण्यासारखं जे आहे ते म्हणजे तिने वार सांगितला नाही. ज्याला यायचं असतं पण खरंच वेळ नसतो, तो बहुतेक वेळा दुसरा दिवस स्वतः सुचवतो, निदान "महिनाअखेर झाली की जाऊ" एवढं तरी म्हणतो. दोनदा विचारूनही पर्याय आला नाही, तर मी त्या गडबडीवर फार विसंबणार नाही.

जेफरसन यांचंच दुसरं एक निरीक्षण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याने मला स्वतःला एकदा चांगलंच शिकवलं. 1984 च्या एका लेखात त्यांनी म्हटलंय की आपली अडचण सांगणारा माणूस बऱ्याचदा मध्येच हसतो, आणि नीट ऐकणारा तिथे हसत नाही. सांगणारा हसून दाखवतो की मी हे पेलतोय. ऐकणारा न हसता दाखवतो की मी हे गांभीर्याने घेतोय. हा लेख मी विद्यार्थ्यांना शिकवत होते, आणि त्याच सुमारास एका जुन्या मैत्रिणीचा मेसेज आला: "आज परत इंटरव्ह्यूत आपटले लोल". मी रांगेत उभी होते, घाईत "हाहाहा अगं असू दे" लिहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला. पुढचे आठ दिवस तिचा एक शब्द नाही. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "तुला हसू कसं आलं गं?" मी म्हटलं, तूच हसली होतीस की. ती म्हणाली, "मी हसले म्हणून तू हसायचं का?" तेव्हा समोरच्याने स्वतःच्याच वाईट बातमीला हाहा किंवा लोल लावलं असेल, तर ते आमंत्रण समजू नका. विनोदाच्या शेपटीचं हसू आणि दुःखाच्या शेपटीचं हसू पडद्यावर हुबेहूब सारखं दिसतं. उत्तर मात्र उलटं द्यावं लागतं.

एवढं सगळं सांगून आता माझ्याच वाचनावर थोडं पाणी ओतते. वर मी "चार हा ची दोन झाली" असं म्हटलं ते तिच्याच आधीच्या ओळींशी तुलना करून, जगाशी नव्हे. प्रत्येकाचं आपलं एक शून्य असतं. काही लोक "मीटिंग चारला ढकलली" यावरसुद्धा "हाहा ओके" लिहितात. त्यांच्यासाठी "हाहा" म्हणजे "बरं". अशा माणसाचं खरं हसू पाच-सहा "हा"च्या पुढे सुरू होतं, नाहीतर अक्षरं एकमेकांवर आदळून "हाहहाहाा" असं वेडंवाकडं होतं, कारण बोटं पळत असतात. उलट काही जण आयुष्यात कधी "हाहा" लिहीत नाहीत, आणि त्यांचं एक साधं "हाहा" म्हणजे खुर्चीवरून पडल्यासारखं असतं. तिचं शून्य शोधायचं असेल तर ज्या ग्रुपमध्ये तुम्ही दोघं आहात तिथे जा. तिची पंचवीस-तीस हसणी बघा, आणि त्यांतली विनोद नसलेल्या मेसेजवर आलेली वेगळी काढा. तिथे जे रूप सर्वांत जास्त वेळा दिसेल ते तिचं शून्य. परवाच्या "हाहा बघू" मधलं हाहा त्याच मापाचं असेल, तर त्या शब्दाला मी सांगितलं त्यापेक्षा कमी वजन द्या. उशीर, "बघू" आणि कारण यांचं वजन मात्र तेवढंच राहील.

वेळेचंही तसंच. चव्वेचाळीस मिनिटं हा आकडा एकटा निरर्थक आहे. ती जेवत असेल, फोन चार्जिंगला असेल. माझ्या दृष्टीने त्याला अर्थ आला तो अशासाठी की त्याच संध्याकाळी साहेबांच्या गप्पांना उत्तरं एक-दोन मिनिटांत येत होती, आणि वेग नेमका विषय बदलला त्या ओळीवर पडला.

अजून एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही, आणि तिने सगळंच उलटू शकतं. तिची रजा, तिचं काम, तिचा वार्षिक शेरा यातलं काही तुमच्या हातात आहे का? असेल तर पहिल्या तुकड्याबद्दल मी जे एवढ्या खात्रीने बोलले तेही मागे घेते. वरच्याच्या विनोदावर खालचा माणूस हसतो आणि भरही घालतो, कारण न हसण्याची किंमत त्याला मोजावी लागते. अशा ठिकाणी मेसेज वाचून काहीही ठरवता येत नाही, आणि सिनेमाचं विचारायलाही नको होतं. तुम्ही बरोबरीचे असाल असं धरून मी वरचं सगळं लिहिलं आहे.

आणि बरोबरीचे असलात तरी अंदाज तो अंदाजच. दोन माणसं एकत्र हसतानाचा सेकंदभराचा आवाज ऐकवून "ही मित्र आहेत की अनोळखी" असं चोवीस वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना विचारलं होतं. 2016 मध्ये त्याचे निकाल आले. बरोबर उत्तरं 61 टक्के. नुसतं नाणं उडवलं तरी 50 मिळतात. प्रत्यक्ष आवाज कानावर पडूनही माणसाची मजल एवढीच, तर आवाज काढून घेतलेल्या दोन अक्षरांवरून छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे, मी धरून, जरा संशयानेच बघा.

तरी तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत सांगते. तुमच्या गमती तिला आवडतात, मनापासून. सिनेमाला तिला यायचं नाही, आणि हे तुम्हाला न दुखवता कसं सांगावं या विवंचनेत ती आहे. दोन्ही हसणी एकाच संध्याकाळी एकाच माणसाची आहेत, आणि एकाने दुसरं खोटं ठरत नाही. तिसऱ्यांदा शनिवार विचारू नका, कारण तेव्हाही "हाहा"च येईल आणि तुम्ही पुन्हा अक्षरं मोजत बसाल. त्याऐवजी एक ओळ लिहा, हाहा न लावता: "सिनेमाचं राहू दे, तुला कधी वाटलं तर तू सांग." हाहा का नको, तर ते लावलंत की तिलाही परत हसावं लागेल, आणि तिला मोकळं करण्याऐवजी तुम्ही आणखी एक उत्तर तिच्या गळ्यात टाकाल. मग आठवडाभर तो विषय काढू नका. पुढच्या मीटिंगमध्ये साहेब सातव्यांदा "शेवटचा मुद्दा" म्हणाले की नेहमीसारखं लिहा, आणि तिचं उत्तर बघा. ती पुन्हा तुमचा आकडा दुरुस्त करायला लागली, तर परवाचं अवघडलेपण सिनेमापुरतंच होतं. तिथेही नुसतं "हाहा" येऊन थांबलं, तर काही दिवस तिला मेसेज कमी करा.